लोगोचे 'दोन राउंड' ठरले होते, अकरा निरोप आले. जादा पैसे नक्की कशाचे मागू?

रेघोट्या
नमस्कार मंडळी. सांगलीत घरूनच डिझाइनची कामं करते, सहा वर्षं झाली. आता एका कामात अडकलेय.

क्लायंटचं घरगुती मसाल्यांचं दुकान आहे, त्यांना आता पाऊच काढून बाहेर विकायचंय. लोगोचे 18,000 ठरले, 9,000 अॅडव्हान्स मिळाले. व्हॉट्सअॅपवर मी एवढंच लिहिलं होतं: "दोन कन्सेप्ट दाखवीन, एक निवडायचं, त्यावर दोन राउंड करेक्शन, मग फायनल फाइली." त्यांनी होकाराचा अंगठा पाठवला. राउंड म्हणजे काय ते ना मी लिहिलं, ना त्यांनी विचारलं.

कन्सेप्ट निवडल्यापासून सोळा दिवसांत आलेले निरोप, आले त्या क्रमाने:

1. मुलगा: शिरोरेषा जरा जाड करा.
2. वडील: हा 'ल' हिंदीतला वाटतो.
3. मुलगा: लाल रंग फार गडद झालाय.
4. मुलगा: पाऊचवर बारीक छापून बघितलं, 'ष्ट' भरून येतोय. (नावात जोडाक्षर आहे.)
5. मुलगा: स्थापना 1987 हवं, तुम्ही 1978 टाकलंय.
6. काका: शिरोरेषा फार जाड आहे, बारीक करा.
7. काका: हिरव्यात करून बघा.
8. मुलगा: दुसऱ्या कन्सेप्टमधली मिरची या अक्षरांवर बसवता येईल का?
9. मुलगा: खाली इंग्रजीत नाव पण पाहिजे.
10. वहिनींच्या बहिणीनं कॅनव्हावर केलेलं एक चित्र, सोबत "असं काहीतरी".
11. मुलगा: डीपीसाठी गोलात बसेल असं एक द्या.

प्रत्येक निरोपाला मी नवी फाइल पाठवत गेले. दहावा आला आणि हात थांबला. फाइलीचं नाव `logo_final_final_7.cdr` झालंय यावरून ओळखा. दोन राउंड वजा केले तर नऊ जादा होतात. नऊचे पैसे मागितले तर माणसं पळून जातील, आणि नाही मागितले तर मी मूर्ख. काय करू?

छापखाना_इचलकरंजी
ताई, सोपं आहे. प्रूफवर सही घ्यायची. आमच्याकडे लग्नपत्रिका असो नाहीतर कॅटलॉग, प्रूफ दाखवतो, गिऱ्हाइकाची सही घेतो आणि मगच प्लेट काढतो. सहीनंतर नवरीच्या मामाचं नाव राहिलं तर नवी प्लेट, तिचे पैसे गिऱ्हाइकाचे. चार रंगांचं काम असलं तर चार प्लेटा. कुणी वाद घालत नाही. तुम्ही पाऊच कुठून छापून घेताय? सिलिंडर बनवायला दिले का?

रेघोट्या
दादा, छपाई माझ्याकडे नाही, मी फक्त लोगो करते. पाऊच ते स्वतः बघणार आहेत.

छापखाना_इचलकरंजी
असं होय. मी पाऊचचंच समजलो. मग एक ध्यानात ठेवा, तो 'ष्ट' भरतोय ना, गडद रंगात पांढरी अक्षरं सोडली असतील तर शाई पसरून पोट बुजणारच. आणि मोठ्या नगाचे पाऊच ग्राव्हिअरवर जातात, तिथं रंगाला एक सिलिंडर कोरतात. कोरल्यावर लोगो बदलायचा म्हणजे सिलिंडर परत. आज जो मुलगा "जरा जाड करा" म्हणतोय, त्याला हे सांगून ठेवा, आपोआप शहाणा होईल.

हिशेबनीस
यात एवढं डोकं खाजवायचं काही नाही. मार्केटचा नियम आहे, जादा राउंड म्हणजे फीच्या 10 टक्के. तुमचे 1,800 झाले. नऊ राउंडचे 16,200. अर्धे सोडा, 8,000 मागा, विषय संपला. पुढच्या वेळी कोटेशनमध्येच लिहा.

तिखटमीठ
मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे लोगो करून घेणारी. नाशिकला माझा लोणच्याचा छोटा उद्योग आहे. डिझायनरनं तीन राउंड दिले होते. पहिल्यात त्यानं 'घरगुती' मधला 'ती' ऱ्हस्व लिहिला. मी दाखवलं, त्यानं दुरुस्त केला आणि म्हणाला, एक राउंड झाला! दुसऱ्यात रंग मी सांगितलेला नव्हताच, तो बदलायला दुसरा राउंड. मला खरं जे बदलायचं होतं तिथं पोचेपर्यंत तिसराही संपला आणि पुढचे 2,500 मागितले. दिले, कारण लेबल छापायला जायचं होतं. पण तो माणूस पुन्हा नको. तेव्हा हिशेबनीस, नऊ राउंड म्हणून मोजण्याआधी त्यातले डिझायनरच्या चुकीचे किती ते बघा.

जुना_बोरू
तिखटमीठ यांचा मुद्दा धरूनच लिहितो. पुण्यात छोटा स्टुडिओ आहे, अक्षरांचीच कामं जास्त. ही चूक मी स्वतः दहाएक वर्षं केली, म्हणून जरा लांबण लागेल.

ताई, तुम्ही निरोप मोजलेत, राउंड मोजलेच नाहीत. तुमचे अकरा निरोप मी चार ढिगांत टाकतो.

पहिला ढीग तुमच्या चुकांचा. चौथा निरोप यात येतो. पाऊचसाठी लोगो आहे हे माहीत असताना जोडाक्षर बारीक मापात वाचता आलं पाहिजे हे तुमचं काम, त्याचे पैसे नाहीत आणि राउंडही जात नाही. मी दाखवण्याआधीच 15 मिलिमीटर रुंदीत प्रिंट काढून हातभर लांबून वाचतो. पडद्यावर सगळंच छान दिसतं. पाचव्याबद्दल जुना मेसेज बघा, 1978 कुणी पाठवलं होतं?

दुसरा ढीग खऱ्या करेक्शनचा: 1, 2, 3, 6, 7. शिरोरेषा, 'ल', रंग. निवडलेल्या कन्सेप्टला धक्का न लावता केलेले बदल. हे पाचही एकाच यादीत आले असते तर एकच राउंड झाला असता, कारण फाइल एकदा उघडायची, सगळं एकत्र बघायचं, एकदाच पाठवायचं. आणि घरात बसून यादी केली असती तर पहिला आणि सहावा निरोप एकमेकांना तिथंच खाऊन गेले असते. मुलाला जाड हवी, काकांना बारीक, हे भांडण त्यांच्या घरचं. ते तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरवर सोडवत बसलात.

तिसरा ढीग नवीन कामाचा: 9 आणि 11. इंग्रजी नाव म्हणजे दुसऱ्या लिपीतली अक्षरं. देवनागरी वरच्या रेषेला लटकते, रोमन खालच्या रेषेवर उभी राहते, दोघांचं वजन जुळवायला बसावं लागतं. हे करेक्शन कसं होईल? त्याचं वेगळं कोटेशन.

चौथा ढीग दिशा बदलण्याचा, म्हणजे दहावा. "असं काहीतरी" आलं की हातातलं काम थांबवायचं आणि फोन करायचा. ते चित्र हवं असेल तर निवडलेलं कन्सेप्ट रद्द, नवं काम, नवे पैसे.

आठवा निरोप मी मुद्दाम बाजूला ठेवलाय, त्यावर मलाही खात्रीनं सांगता येत नाही.

म्हणजे उदारपणे धरलं तरी तुमचा एक राउंड झालाय, फार तर दोन. नऊ जादा मुळीच नाहीत. तुमचं नुकसान झालंय ते नवीन काम करेक्शनच्या नावाखाली घेतल्यामुळे, आणि निरोपागणिक फाइल पाठवल्यामुळे. दुसरं तर तुमची सवय, त्याचं बिल त्यांना लावता येणार नाही.

रेघोट्या
बोरूकाका, वाचून आधी राग आला, मग पटलं. 1978 त्यांनीच पाठवलंय, मेसेज सापडला. इंग्रजी नावाला मी हात घातला होता, अर्धवट आहे. डीपीचं करून दिलंसुद्धा.

जुना_बोरू
साल बदलून द्या, आकड्यांना दोन मिनिटं लागतात. फक्त निरोपात लिहा की तुमच्या मेसेजमध्ये 1978 होतं. पैशासाठी नाही, पुढच्या वेळी ते वाचून पाठवतील म्हणून. साल, नाव, पत्ता हे मी कामाआधी एकाच मेसेजमध्ये "हे असंच छापायचं का?" विचारून घेतो.

अण्णा_सातारकर
लेखी करार नाही, स्टँप पेपर नाही, तर काय मागणार? अंगठा पाठवला म्हणजे करार होत नाही. कायद्यानं तुम्हाला एक रुपया जादा मागता येणार नाही.

जुना_बोरू
अण्णा, अर्धं बरोबर. असल्या कामाच्या कराराला 1872 च्या कायद्यात स्टँप पेपरची अट नाही, मेसेजवर ठरलेलंही ठरलेलंच असतं. ताईंची अडचण वेगळी आहे, मेसेजमध्ये 'राउंड' शब्दाचा अर्थच नाही. आणि 18,000 साठी कोर्टात कोण जातंय? शब्द कोर्टासाठी लिहायचे नसतात, काकांना दाखवण्यासाठी लिहायचे असतात.

कागद जिथं खरंच लागतो ती जागा पुढं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. म्हणून पूर्ण पैसे आल्यावर एक पानी हक्कपत्र द्यायचं, आणि "हक्क पूर्ण रकमेनंतर" हे कोटेशनमध्येच टाकायचं. ट्रेडमार्कला अर्ज करताना त्यांच्या हाताशी ते असलेलं बरं, म्हणून ते स्वतःच मागतात आणि राहिलेली रक्कम सुटते.

हिशेबनीस
ठीक आहे, ढीग पटले. पण 10 टक्क्यांत चूक काय? सगळे तेवढेच घेतात.

जुना_बोरू
मोठ्या कामात चूक नाही. दीड लाखाचं ब्रँडिंग असेल तर लोगोबरोबर कार्ड, पाऊच, पाटी, गाडी सगळं बदलतं, 15,000 रास्त आहेत. छोट्या कामात टक्का आपल्याला बुडवतो. ताई, या कामाला किती तास धरले होते?

रेघोट्या
धरले नव्हतेच. 😐 आता आठवून लिहिते. दोन कन्सेप्ट मिळून 14 तास, भेट आणि फोन 4, फायनल फाइली 4. दोन राउंड प्रत्येकी 4 तासांचे, म्हणजे 8. एकूण 30.

जुना_बोरू
18,000 भागिले 30, ताशी 600. एका राउंडचे 4 तास म्हणजे 2,400 तुमचा निव्वळ खर्च. 1,800 घेतलेत तर प्रत्येक जादा राउंडला 600 रुपये खिशातून. वर हा राउंड ठरलेल्या तारखेच्या बाहेर येतो, तेव्हा टेबलावर दुसऱ्याचं काम असतं, ते बाजूला सारावं लागतं. म्हणून मी 3,000 म्हणेन.

चार तास कशाला, असं क्लायंट विचारतो. शिरोरेषा जाड केली की वेलांटीचा जोड बदलतो, मात्रा जड दिसायला लागते, अनुस्वाराचा ठिपका त्या मापात आणावा लागतो, मग आतल्या मोकळ्या जागा परत बघायच्या. पुढं एकरंगी, पांढऱ्यातली आणि आडवी अशा तिन्ही फाइली नव्यानं. दहा मिनिटांचं काम फक्त पहिल्या अक्षराचं असतं.

रक्कम किती ठेवायची याला माझ्यापुरती एक कसोटी आहे. ती ऐकून घरातली चार माणसं एकत्र बसून यादी करतील एवढी हवी, पण दंड वाटून माणूस दुसरीकडे जाईल एवढी नको. 500 ठेवलेत तर ते आनंदानं भरत राहतील आणि तुम्ही महिनाभर शिरोरेषाच ओढत बसाल. मी हे भोगलंय.

कोकणी_मिरची
मी चढती रक्कम ठेवते. पहिला जादा राउंड 2,500, दुसरा 4,000, तिसरा 6,000. तिसऱ्यापर्यंत कुणी येतच नाही. आणि जादाचे पैसे शेवटच्या बिलात कधीच लावत नाही. आधी जमा, मग फाइल उघडणार. रत्नागिरीत एका होमस्टेवाल्याचं बिल शेवटी 7,000 नं वाढलेलं दाखवलं होतं, त्यांनी लोगोच उचलला नाही. व्हॉट्सअॅपवरचं चित्र फ्लेक्सवाल्याकडून ट्रेस करून पाटी लावली. आता मी निवड होईपर्यंत लोगो मोकळा पाठवतच नाही, पाऊचच्या नाहीतर पाटीच्या चित्रावर बसवूनच पाठवते. तिरपा असला की ट्रेस करायला जीव जातो.

जुना_बोरू
आधी जमा, शंभर टक्के. चढती रक्कम मला आवडत नाही, क्लायंटला सापळा वाटतो. पण तुमच्याकडे चालतेय तर चालतेय.

तिखटमीठ
माझा प्रश्न राहिलाच. दोन्ही कन्सेप्ट आवडले नाहीत तर? ते पण राउंडमध्ये? क्लायंटनं काय, न आवडलेलं गळ्यात घालायचं?

कोकणी_मिरची
माझ्याकडे नाही घालावं लागत. तिथं थांबता येतं. अॅडव्हान्स माझा, कन्सेप्टचे हक्कही माझ्याकडेच, दोघं मोकळे.

तिखटमीठ
म्हणजे मी 9,000 देऊन रिकाम्या हातानं परत. छान!

जुना_बोरू
दोन्ही पडले तर बहुतेक वेळा सुरुवातीचं बोलणंच अपुरं झालेलं असतं, आणि ते करून घेणं डिझायनरचं काम. मी अशा वेळी एक कन्सेप्ट फुकट देतो, पण आधी समोर बसून "काय नको" ते लिहून घेतो. तोही पडला तर थांबतो. हा नियम म्हणून नाही सांगत, माझी सोय आहे.

रेघोट्या
मला नाही परवडणार. एक कन्सेप्ट म्हणजे माझे सात तास, 4,200 रुपये.

बरं, त्या 'ल' चं काय? मी घेतलेल्या फाँटचं वळण दंडाचा 'ल' देतं, तोच धरून अक्षर रेखाटलं. वडील म्हणतात हिंदी वाटतो. ही माझी चूक की त्यांची आवड?

जुना_बोरू
मराठी मसाल्याचं नाव, गिऱ्हाईक मराठी, तर पाकळीचाच 'ल' हवा होता. 2009 च्या शासन निर्णयातसुद्धा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' आहे. मी तुमच्या चुकांच्या ढिगात टाकला असता, वर तुमच्यावर दया दाखवून करेक्शनमध्ये टाकला.

कोकणी_मिरची
काही काय! शासन निर्णय पाठ्यपुस्तकांना आणि कार्यालयांना. लोगोत अक्षर कसंही काढावं, उद्या उलटं काढलं तरी चालेल. दोन कन्सेप्ट दाखवताना तोच 'ल' होता, तेव्हा वडिलांनी बघितला आणि पास केला. आता सांगितलं तर ते करेक्शनच.

छापखाना_इचलकरंजी
आमचा डीटीपीवाला तर दोन्ही 'ल' एकाच पानात आणतो. त्याला कोण पैसे लावणार 😄

रेघोट्या
आज त्यांना पाठवलेला मेसेज इथं टाकते. बोरूकाकांचा मसुदा आणि माझी भर:

"दादा, आत्तापर्यंत आलेले सगळे बदल मी पहिला राउंड धरते. आता दुसरा बाकी आहे. त्यासाठी घरातल्या सगळ्यांचं बोलणं होऊ दे आणि फक्त तुमच्याकडून एकच यादी मला रविवारपर्यंत येऊ दे. यादी आल्यावर मी काम सुरू करेन, त्यानंतर आठवलेला बदल पुढच्या राउंडमध्ये जाईल. दुसऱ्या राउंडनंतरही काही बदलायचं असलं तर प्रत्येक राउंडचे 3,000, आधी जमा. माझ्याकडून झालेली चूक कधीही सांगा, ती मोजली जाणार नाही. 'ष्ट' मी सुधारतेय. इंग्रजी नाव हे वेगळं काम आहे, त्याचे 5,000. डीपी करून दिलाय, त्याचे 1,200 होतात, ते मी धरत नाही. वहिनींनी पाठवलेल्या चित्रासारखं हवं असेल तर आपण फोनवर बोलू, कारण मग हा लोगो थांबवावा लागेल."

डीपीचे पैसे लिहून सोडले, कारण नुसते सोडले असते तर कुणाच्या लक्षातच आलं नसतं.

हिशेबनीस
रविवारपर्यंत यादी नाही आली तर? लिहा की लोगो मान्य धरला जाईल.

जुना_बोरू
तसं लिहू नका. गप्प बसणं म्हणजे मान्यता हे कुणाला पटत नाही, भांडणच होतं. तारीख पुढं सरकेल एवढंच लिहा. महिनाभर काही आलंच नाही तर काम परत सुरू करायचे वेगळे पैसे, हे पुढच्या कोटेशनमध्ये टाका.

रेघोट्या
अपडेट, चार दिवसांनी. यादी आली! वहीच्या पानावर, मुलाच्या अक्षरात, पाच ओळी. शिरोरेषा "मध्यम". 'ल' मराठी. लाल थोडा उजळ. हिरवा खोडलाय, खाली काकांची सही आहे, का ते मला विचारू नका. वहिनींच्या बहिणीच्या चित्राचा उल्लेख नाही. इंग्रजी नावाला 4,000 वर तयार झाले, 2,000 आले, बाकीचे फाइलबरोबर.

पाचवी ओळ: "मिरची बसवून बघा." म्हणजे तो आठवा निरोप परत आलाच. ही यादीत आलीय, म्हणून राउंडमध्ये धरू? मिरची नव्यानं काढायची नाही, दुसऱ्या कन्सेप्टमध्ये तयार आहे. पण शिरोरेषेवर बसवायची तर पहिलं अक्षर सगळंच हलवावं लागेल.

कोकणी_मिरची
न निवडलेलं कन्सेप्ट तुमचं, त्यातलं काहीही फुकट नाही. वेगळे पैसे.

जुना_बोरू
मी एकदा बसवून दाखवलं असतं, राउंडमध्येच. बहुतेक वाईट दिसतं आणि ते स्वतःच काढा म्हणतात. चांगलं दिसलं तर मात्र फसलात.

रेघोट्या
काल रात्री बसवून बघितलं. चांगलं दिसतंय. 🙈 अजून पाठवलं नाही.